घरात चार मधुमेही आणि दिवाळीचा डबा: ‘शुगर फ्री’ शिक्क्याच्या मागे काय बघायचं

तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. आवाज चिडका होता. “तुझ्या त्या शुगर फ्री काजू कतलीने रात्रभर पोट गुडगुडतंय. झोपताना साखर बघितली तर २६८!” किती खाल्ल्या म्हणून विचारलं. “सहा-सात असतील. शुगर फ्री आहे म्हणून तूच लिहिलं होतंस ना वर?”

लिहिलं होतं मीच, स्केच पेनने, आणि वर एक पणतीही काढली होती. डबा चांगल्या दुकानातला होता, साध्या कतलीपेक्षा बराच महाग होता, आणि आपण काहीतरी विचारपूर्वक केलं या समाधानात मी मागची बाजू वाचलीच नव्हती. आत्याकडून तो रिकामा डबा मागवून घेतला आणि चष्मा लावून वाचायला बसले. त्या दुपारी कळलेलं आणि पुढच्या तीन दिवाळ्यांत चुकत-माकत शिकलेलं इथे क्रमाने लिहिते. आमच्याकडे चौघं मधुमेही आहेत: आत्या, मोठे काका, मावशी आणि माझे सासरे. चौघांचा मधुमेह चार तऱ्हांचा. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांच्या आणि इन्शुलिनच्या मात्रेबद्दल यात काही नाही. ते ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांकडून ठरवायचं.

पहिली पायरी: दुकानात जाण्याआधी फोन

फोन शक्यतो त्या माणसाला करू नका, त्याचं खाणं-पिणं सांभाळणाऱ्याला करा. काकांना विचारलं तर “मला सगळं चालतं गं” असं उत्तर येतं, काकूला विचारलं तर खरं कळतं. मी तीनच गोष्टी विचारते.

एक, उपचार काय चालू आहेत. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसाची साखर एकदम खाली जाण्याची भीती सहसा नसते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला मात्र ती असते. अशा माणसाला कधीकधी गोडाची औषधासारखी गरज पडते. हात थरथरायला लागले, घाम फुटला, तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज पोटात जायला हवं. त्या वेळी कोणी प्रेमाने ‘शुगर फ्री’ बर्फी भरवली तर तिचा उपयोग होणार नाही. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील तर साधी साखरही हळू पचते, म्हणून तिथे ग्लुकोज पावडरच लागते. काकांच्या डब्यासोबत मी दरवर्षी ग्लुकोजचा छोटा पुडा ठेवते. भेट म्हणून विचित्र दिसतो खरा, पण काकू तो देवघराशेजारच्या कप्प्यात जपून ठेवते.

दोन, किडनीचं काही आहे का. क्रिएटिनिन वाढलेलं असेल आणि पोटॅशियमवर बंधन असेल, तर आपण ज्याला ‘हेल्दी’ म्हणतो ते जवळजवळ सगळंच अडचणीचं ठरतं. बदाम, पिस्ता, खजूर, अंजीर, खोबरं या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर असतं. माझे सासरे या गटातले. त्यांच्याकडे पुढे येते.

तीन, पोट कसं आहे. हा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो. पण आत्याच्या त्या रात्रीचं निम्मं उत्तर यातच होतं.

दुसरी पायरी: डबा उलटा करा

आत्याच्या डब्यामागे दर १०० ग्रॅमला लिहिलेले आकडे असे होते: कार्बोहायड्रेट ५२ ग्रॅम, एकूण साखर ४ ग्रॅम, वरून घातलेली साखर शून्य, पॉलिओल २८ ग्रॅम. घटकपदार्थांत काजूनंतर दुसऱ्याच क्रमांकावर मॉल्टिटॉल, आणि शेवटी बारीक अक्षरांत ‘पॉलिओलमुळे जुलाब होऊ शकतात’ अशा अर्थाची सूचना.

आपली नजर ‘वरून घातलेली साखर शून्य’ या ओळीवर जाते आणि तिथेच थांबते. मधुमेह्यासाठी सगळ्यात वरची ओळ महत्त्वाची, म्हणजे एकूण कार्बोहायड्रेट. रक्तातली साखर फक्त चमच्याने घातलेल्या साखरेने वाढत नाही. काजूतल्या पिठूळ भागाने वाढते, दुधातल्या साखरेने वाढते, बेसन-रव्याने वाढते, आणि मॉल्टिटॉलनेही वाढते.

मॉल्टिटॉल हा पॉलिओल गटातला गोडवा, पण तो काही सुक्रालोजसारखा चिमूटभर घालायचा नाही. साखर काढली की मिठाईत नुसता गोडवा कमी होत नाही, वजनही जातं. कतलीचा निम्म्याजवळचा भाग साखरेचा असतो, तिथे काहीतरी भरावं लागतं. मॉल्टिटॉल ते काम छान करतो, कारण तो साखरेसारखाच दिसतो, साखरेसारखाच पाक होतो आणि गोडीलाही साखरेच्या जवळपास असतो. पण त्याचा काही भाग आतड्यात पचून रक्तात जातोच. मोजताना मोटामोटी निम्मा धरायची पद्धत आहे. उरलेला मोठ्या आतड्यात जातो, तिथले जंतू तो आंबवतात, आणि मग गुडगुड, गॅस, जुलाब.

आता आत्याच्या सात तुकड्यांचा हिशेब करू. तशाच डब्यातले दहा तुकडे काट्यावर ठेवून दहाने भागलं, की एका तुकड्याचं वजन कळतं. तिथे ते १५ ग्रॅम होतं. १०० ग्रॅममधल्या ५२ ग्रॅम कार्बोहायड्रेटमधून पॉलिओलचे निम्मे, म्हणजे १४ वजा केले, राहिले ३८. १५ ग्रॅमच्या तुकड्यात ते पावणेसहा ग्रॅमच्या आसपास आले. सात तुकड्यांचे झाले चाळीस. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण पंधरा ते वीस ग्रॅम कार्बोहायड्रेट असतात. म्हणजे भाऊबीजेच्या जेवणावर आत्याने आणखी दोन-अडीच पोळ्या खाल्ल्या, ‘शुगर फ्री’ म्हणून. शिवाय जवळजवळ तीस ग्रॅम मॉल्टिटॉल एका बैठकीत पोटात गेला. एवढ्याने बऱ्याच जणांचं पोट बिघडतं.

साध्या काजू कतलीचाही हिशेब करून बघा. साठ भाग काजू आणि चाळीस भाग साखर धरली, तर १५ ग्रॅमच्या तुकड्यात साडेआठ ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट येतात. दोहोंतला फरक तुकड्यामागे जेमतेम तीन ग्रॅम. साधी कतली असती तर आत्याने एक खाल्ली असती, तीही अपराधी चेहऱ्याने. माझ्या मते ‘शुगर फ्री’ या शब्दाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. तो तुकड्यातले तीन ग्रॅम वाचवतो आणि हात मोकळा सोडतो.

त्या डब्यावरचा शिक्का मुळात चुकीचाही होता. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांनुसार ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. ‘कमी साखर’ म्हणायला घन पदार्थात ५ ग्रॅमपर्यंत मुभा आहे. साखरेत इथे दुधातली, फळातली, काजूतली अशी सगळी नैसर्गिक साखरही मोजतात. म्हणून खव्याची बर्फी ‘शुगर फ्री’ असूच शकत नाही. शंभर ग्रॅम खव्यात दुधाचीच साखर वीस ग्रॅमच्या आसपास असते. काजूतही थोडी साखर असतेच. अशा मिठाईवर फार तर ‘वरून साखर घातलेली नाही’ असं लिहिता येईल. खव्याच्या पेढ्यावर ‘शुगर फ्री’ छापलेलं दिसलं, की त्या दुकानाच्या बाकी लेबलावरही मी फारसा भरवसा ठेवत नाही.

घटकपदार्थांच्या यादीत हे शब्द किंवा कंसातले त्यांचे क्रमांक शोधा: मॉल्टिटॉल (९६५), सॉर्बिटॉल (४२०), आयसोमॉल्ट (९५३). यांतला एखादा पहिल्या तीन घटकांत असेल तर तो भराव म्हणून भरपूर घातलेला आहे. एरिथ्रिटॉल (९६८) वेगळा, तो रक्तातली साखर जवळजवळ वाढवत नाही. सुक्रालोज (९५५) आणि स्टीव्हिया (९६०) चिमूटभर लागतात, त्यांचा स्वतःचा हिशेब धरायची गरज नाही. पण मग भराव कशाचा, हा प्रश्न विचारा. तो माल्टोडेक्स्ट्रिनचा निघाला तर ते साखरेइतक्याच वेगाने रक्तात जाणारं पिष्ट आहे.

तिसरी पायरी: ‘नैसर्गिक’ या शब्दाने विरघळू नका

आत्याच्या प्रकरणानंतर पुढच्या वर्षी मी खजूर रोल दिले. साखर नाही, मॉल्टिटॉल नाही, सगळं आपलं खजूर आणि सुकामेवा. मावशीने दुसऱ्याच दिवशी ग्लुकोमीटरचा फोटो पाठवला, खाली काही न लिहिता.

बी काढलेल्या शंभर ग्रॅम खजुरात कार्बोहायड्रेट ७५ ग्रॅमच्या आसपास असतात आणि त्यातला बहुतेक भाग साखरेचाच. वीस ग्रॅमच्या रोलमध्ये बारा ग्रॅम खजूर असेल तर त्याचेच नऊ ग्रॅम कार्बोहायड्रेट झाले, वर बदाम-पिस्त्याचे दीड-दोन. म्हणजे तो रोल साध्या काजू कतलीच्या तुकड्यापेक्षा जड निघाला. चोथा आणि चरबी असल्यामुळे साखर थोडी सावकाश चढते, हे खरं. पण ती चढायची थांबत नाही.

गुळाबद्दल तर घराघरांत भांडणं होतात. गूळ म्हणजे थोडी खनिजं राहिलेली साखरच. मधाचंही तेच. चवीसाठी गूळ वापरायचा तर खुशाल वापरा, पण ‘गुळाचं आहे, चालतं’ असं म्हणून मधुमेही माणसापुढे ताट सरकवू नका.

तिखटाचंही थोडं सांगते, कारण हा सगळ्यांचा आवडता पळवाटेचा रस्ता आहे. चकली तांदळाच्या भाजणीची, चिवडा पोह्यांचा. मूठभर चिवड्यात निम्म्याच्या आसपास वजन कार्बोहायड्रेटचं असतं. आणि मखाणे! सध्या प्रत्येक ‘हेल्दी हॅम्पर’मध्ये त्यांचा डबा असतो. हाताला हलके लागतात म्हणून पोटालाही हलके वाटतात, पण शंभर ग्रॅम मखाण्यांत तांदळाइतकंच, पंच्याहत्तर-ऐंशी ग्रॅमच्या घरात, कार्बोहायड्रेट असतं. मूठभर खाल्ले तर हरकत नाही, टीव्हीसमोर बसून अख्खा डबा खाल्ला तर आहे. त्यापेक्षा भाजलेले शेंगदाणे, बदाम किंवा पिस्ते बरे. किडनीचा त्रास नसेल तर.

चौथी पायरी: पदार्थ नको, तुकडा निवडा

एवढं सगळं वाचून-मोजून मी एका साध्या नियमावर आले. डब्यातल्या एका तुकड्यात पाच ग्रॅमपेक्षा जास्त कार्बोहायड्रेट नको, आणि तुकडा एवढा भरीव हवा, की एक-दोन खाऊन माणूस थांबेल. या नियमात काय बसतं ते बघा. दहा ग्रॅमचा छोटा तुकडा असेल तर साध्या साखरेची काजू कतलीही जवळपास बसते. तिच्यात सहाच्या आत येतात. सत्तर ते पंच्याऐंशी टक्के कोकोचं कडू चॉकलेट, दहा ग्रॅमच्या तुकड्यात, आरामात बसतं. सुक्यामेव्याची वडी खजूर कमी असेल तर बसते, जास्त असेल तर नाही. रसगुल्ला, गुलाबजाम, जिलबी पाकामुळे बाहेर. बेसन लाडू लिंबाएवढा केला तर बाहेर. सुपारीएवढा केला तर बसतो, पण सुपारीएवढ्या बेसन लाडवाचा डबा पाठवायची माझ्या आईची हिंमत अजून झालेली नाही.

तुकडा लहान हवा, हे दुकानात सांगावं लागतं. बऱ्याच दुकानांत मिठाई ताटात थापलेली असते आणि मोठ्या ऑर्डरला, दोन-तीन दिवस आधी सांगितलं तर, निम्म्या आकारात कापून देतात. ‘बाइट साइज’ म्हटलं की लगेच समजतं. वेगळी मिठाई शोधत वणवण करण्यापेक्षा हे सोपं आहे आणि चवीशी तडजोडही नाही.

मी आता घरीच करते. तीस छोट्या लाडवांचं माप देते.

बदाम १५० ग्रॅम, पांढरे तीळ ५० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं ५० ग्रॅम, बी काढलेला मऊ खजूर ७५ ग्रॅम, तूप एक मोठा चमचा, वेलची आणि चिमूटभर मीठ. बदाम मंद आचेवर सात-आठ मिनिटं भाजा, तीळ तडतडेपर्यंत वेगळे भाजा, खोबरं फक्त कोमट होऊन हलकं रंगेपर्यंत. सगळं पूर्ण गार होऊ द्या. ही पायरी घाईत केली की बदाम मिक्सरमध्ये तेल सोडतात आणि लाडवांऐवजी लगदा होतो. मिक्सर सलग फिरवायचा नाही, एकेक झटका देत जाडसर रवाळ करायचं. खजूर बारीक चिरून तुपात मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता, मऊ झाला की उलथण्याने चेचून त्यात भाजलेली भरड, वेलची, मीठ घाला आणि गरम असतानाच वळा. मिश्रण गार झालं की वळत नाही. भुगा होत असेल तर खजूर वाढवू नका. दोन मोठे चमचे भरड पुन्हा मिक्सरला लावून तेल सुटेपर्यंत वाटा आणि मिसळा, तेच चिकटवतं.

याचा हिशेब असा. बदामाचे ३२, तिळाचे १२, खोबऱ्याचे १२, खजुराचे ५६, मिळून ११२ ग्रॅम कार्बोहायड्रेट. तीस लाडवांत वाटले तर एकाला पावणेचारच्या आसपास, आणि त्यातलाही तिसरा हिस्सा नुसता चोथा, जो साखर वाढवत नाही. एक लाडू अकरा-बारा ग्रॅमचा होतो. गोडी बेताची असते, हे आधीच सांगते. ज्या घरात श्रीखंडात वरून साखर भुरभुरतात तिथे तो ‘पौष्टिक’ या नावाखाली उपेक्षित राहील. चिमूटभर मीठ टाळू नका, त्याने आहे तेवढी गोडी वर येते.

यातही कॅलरी भरपूर असतात, कारण सगळा तेलबियांचा मामला आहे. वजन कमी करायला सांगितलेल्या माणसाने दिवसाला दोनच्या वर जाऊ नये.

पाचवी पायरी: टिकतं किती ते बघा

साखर ही नुसती गोडी नाही, ती टिकवणही आहे. ती पदार्थातलं पाणी बांधून ठेवते, त्यामुळे बुरशीला आणि जंतूंना वाढायला जागा मिळत नाही. साखर काढलेली खव्याची मिठाई म्हणूनच साध्यापेक्षा लवकर खराब होते. फ्रिजबाहेर ठेवायची नाही आणि फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांत संपवायची. आधी वास आंबटसर होतो, मग बोट लावलं की चिकट तार सुटते, पांढरी बुरशी त्यानंतर दिसते. पहिल्या खुणेलाच टाकून द्या. कुरियरने परगावी पाठवायची असेल तर कमी साखरेची खव्याची मिठाई नकोच, कोरडं काही पाठवा.

सुट्या मिठाईच्या ताटावर ‘कधीपर्यंत वापरावी’ ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झालं. ती शोधा, दिसली नाही तर विचारा. पण सुट्या मिठाईवर कार्बोहायड्रेटचे आकडे मिळत नाहीत, म्हणून ‘शुगर फ्री’ काउंटरवरची सुटी मिठाई मी घेत नाही. काउंटरवरच्या मुलाला “यात गोडी कशाची?” असं विचारलं तर तो “शुगर फ्रीची” असं सांगतो. तो चुकीचं सांगत नसतो, त्याला तेवढंच माहीत असतं.

घरच्या लाडवांना हवाबंद डब्यात दहा दिवस. खोबरं असल्यामुळे त्यापुढे खवट वास यायला लागतो.

सहावी पायरी: डबा कसा द्यायचा

पहिल्या वर्षी माझी आणखी एक चूक झाली होती, ती आकड्यांत मोडत नाही. घरातल्या बाकीच्यांना मोठा रंगीत डबा आणि मधुमेही माणसाला वेगळा छोटा, वर ठळक ‘शुगर फ्री’. काका सगळ्यांसमोर म्हणाले, “आम्हाला पंक्तीतून उठवलंत का?” हसत म्हणाले, पण मग संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्याने मोठ्या डब्यातले दोन बेसन लाडू खाऊन गेले. काकूने पाहिलं.

तेव्हापासून एका घराला एकच डबा, आणि त्यात सगळ्यांना चालेल असंच. आत्या, काका आणि मावशी या तिन्ही घरी आता सारखाच डबा जातो: बारा छोटे लाडू, प्रत्येकी वेगळं गुंडाळलेले कडू चॉकलेटचे आठ तुकडे आणि भाजलेल्या पिस्त्यांची छोटी बरणी. लाडू सुटे न ठेवता कागदी वाट्यांत एकेक ठेवते. त्यामुळे मोजायला सोपं जातं आणि ‘एकच घेतला’ हे खोटं बोलणंही अवघड होतं.

झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी असते. बाहेर नाही, म्हणजे पाहुण्यांसमोर वाचली जात नाही:

“एक लाडू = सुमारे ४ ग्रॅम कार्बोहायड्रेट. चॉकलेटचा एक तुकडा = तेवढेच. लाडवात खजूर, बदाम, तीळ, खोबरं, तूप. साखर घातलेली नाही, पण साखर नाही असं नाही. जेवणानंतर एक, फार तर दोन. वसुबारसेला केले आहेत, दहा दिवसांत संपवा.”

‘सुमारे ४’ हा आकडा इन्शुलिन घेणाऱ्यांना विशेष उपयोगाचा असतो, कारण काही जण जेवणातले कार्बोहायड्रेट मोजून डोस घेतात. घटकपदार्थ लिहायचे ते घरातल्या इतर कोणाला तिळाची किंवा बदामाची ॲलर्जी असेल म्हणून. आणि ‘जेवणानंतर’ यासाठी, की रिकाम्या पोटी चहाबरोबर खाल्लेलं गोड आणि भाजी-आमटी-कोशिंबिरीच्या पाठीवर खाल्लेलं गोड यांत साखर चढण्याच्या वेगात फरक पडतो. लाडू दोन खाल्ले तर त्या जेवणात अर्धी पोळी कमी. हे काकू करते, काकांना न सांगता.

मावशीला आकड्यांची हौस आहे. तिने लाडवांच्या पहिल्या वर्षी नीट तपासलं: जेवायच्या आधी एकदा, पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. एक दिवस लाडवासह, दुसऱ्या दिवशी तेच जेवण लाडवाशिवाय. दोन तासांनंतरची साखर बहुतेकांना १८०च्या खाली ठेवायला सांगतात, तुमच्या माणसाचा आकडा त्याच्या डॉक्टरांना विचारा. तूप-बदामासारखं स्निग्ध खाल्लं की साखर उशिरा चढते, म्हणून मावशीने तीन तासांनीही एकदा बघितलं. तिचा फरक दहा-बारा आला. हा तिचा आकडा, दुसऱ्याचा वेगळा येईल. पण शिक्क्यावर भांडण्यापेक्षा ही दोन दिवसांची तपासणी स्वस्त पडते.

आणि सासरे

त्यांना यातलं काहीच चालत नाही. मधुमेहाबरोबर किडनी, त्यामुळे बदाम नाही, खजूर नाही, खोबरं नाही, पिस्ते नाहीत, चॉकलेटही नाही. एके वर्षी मी त्यांच्या आहारतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी आधी ताजे रिपोर्ट मागितले आणि मग एक छोटा रव्याचा लाडू चालेल म्हणाल्या, साध्या साखरेचा, त्या दिवशीच्या जेवणातला भात कमी करून. म्हणजे चौघांत ज्यांची तब्येत सगळ्यात नाजूक त्यांना साधी साखर, आणि बाकीच्यांना ती नको. किडनीचं दुखणं असलेल्या घरी ‘हेल्दी’ हॅम्पर पाठवण्याआधी हे लक्षात ठेवा, आणि विचारल्याशिवाय खाण्याचं काहीच पाठवू नका.

त्यांचा डबा मी आता वेगळा भरते, पण तो खाण्याचा डबा वाटत नाही. उटणं, मोती रंगाचा साबण, चार पणत्या, दिवाळी अंक, आणि मध्ये कागदी वाटीत तो एकुलता एक रव्याचा लाडू, वर बेदाणा न लावता. बेदाण्यातही पोटॅशियम. गेल्या वर्षी त्यांनी तो लक्ष्मीपूजनाला अर्धा आणि पाडव्याला अर्धा खाल्ला, आणि मला फोन करून सांगितलं, “तुझा लाडू दोन दिवस पुरला हो.”